लाईट, मीडियम की डार्क? कॉफीचं पहिलं पाकीट घेण्याआधी

इन्स्टंट सोडून पहिल्यांदा बीन्सची कॉफी घ्यायला गेलं की पाकिटावर लाईट, मीडियम, डार्क असं लिहिलेलं दिसतं आणि बहुतेक जण डार्क उचलतात, कारण डार्क म्हणजे स्ट्राँग आणि स्ट्राँग म्हणजे जास्त कॅफिन असं डोक्यात बसलेलं असतं. मीही तेच केलं होतं.

आधी भाजण्याचं समजून घ्या. शेंगदाणे कमी भाजले तर त्यांची मूळ चव राहते, जास्त भाजले तर खमंग होतात आणि करपले तर दाणा कुठलाही असो, कडूच लागतो, कॉफीचंही तसंच आहे. साधारण २०० डिग्रीच्या आसपास बी लाह्यांसारखी फुटायला लागते, त्याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. त्यानंतर लवकर थांबवलं की लाईट, थोडं पुढे नेलं की मीडियम आणि दुसऱ्यांदा बारीक तडतड सुरू होईपर्यंत किंवा त्याच्याही पुढे नेलं की डार्क. भाजताना बीतली आंबट चव देणारी आम्लं मोडत जातात आणि कडवटपणा वाढत जातो, म्हणून लाईटमध्ये संत्र्या-लिंबासारखा आंबटपणा आणि फुलाफळांचा वास मिळतो, मीडियममध्ये भाजलेले दाणे, गूळ, चॉकलेट असं काहीतरी, आणि डार्कमध्ये धुरकट, कडू, जड चव.

आता खरेदी. पहिला प्रश्न स्वतःला विचारा, दूध घालणार का? घालणार असाल तर मीडियम-डार्क किंवा डार्क घ्या, कारण लाईटची नाजूक चव दुधात हरवते आणि तिचा आंबटपणा दुधाशी नीट जुळत नाही. काळी पिणार असाल तर मीडियमपासून सुरू करा. एकदम लाईट घेऊ नका, सवय नसलेल्या जिभेला ती कॉफी बिघडल्यासारखी वाटते आणि पाकीट पडून राहतं.

मग पाकीट नीट वाचा. बी अरेबिका जातीची आहे की रोबस्टा, चिकोरी म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड मिसळली आहे का, आणि भाजल्याची तारीख. नुसती एक्सपायरी लिहिली असेल तर मी तरी ते पाकीट घेत नाही, भाजून महिनाभराच्या आतलं मिळालं तर बरं. एक लक्षात ठेवा, एका कंपनीचं मीडियम दुसरीकडे मीडियम-डार्क असू शकतं, त्यामुळे बी बघता आली तर बघा. लाईटची बी फिकट तपकिरी आणि कोरडी दिसते, डार्कची काळपट आणि बऱ्याचदा तेलकट.

आता खरी परीक्षा, जी मी प्रत्येक नव्या माणसाला करायला सांगते. चिकमगळूरच्या एकाच इस्टेटची अरेबिका लाईट आणि डार्क अशी दोन्हीत मिळाली तर दोन छोटी पाकिटं घ्या. किचनच्या काट्यावर दोन्हींची १५-१५ ग्रॅम पावडर मोजा, फ्रेंच प्रेससाठी, म्हणजे वरून जाळी दाबून कॉफी गाळायच्या भांड्यासाठी, जाडसर दळलेली, आणि प्रत्येकी २४० मिली पाणी घालून ४ मिनिटं ठेवा. लाईटला उकळी नुकतीच बसलेलं गरम पाणी, डार्कला उकळी आल्यावर दोनेक मिनिटं थांबून. गाळल्यावर थोडी कोमट होऊ द्या आणि साखर न घालता प्या, कोमट झाल्यावर फरक जास्त कळतो. लाईट नुसतीच आंबट, पाणचट आणि कच्चट लागली तर दोष रोस्टचा नाही, पाणी थंड पडलं किंवा पावडर फार जाड होती. चांगल्या आंबटपणाच्या मागे गोडवा येतो. डार्क राखेसारखी कडू लागली तर पाणी आणखी थोडं थंड करा किंवा पावडर जाड ठेवा, तरीही तसंच लागलं तर ती जास्तच भाजलेली आहे.

आणि कॅफिन. भाजताना कॅफिन फारसं जात नाही, पाणी उडतं आणि बी फुगून हलकी होते. म्हणून चमच्याने मोजलं तर एका चमच्यात लाईटची पावडर वजनाने जास्त बसते आणि कॅफिनही थोडं जास्त येतं, काट्यावर मोजलं तर फरक नगण्य. खरा फरक बीच्या जातीचा आहे. अरेबिकात साधारण १.२ टक्के कॅफिन असतं तर रोबस्टात २ टक्क्यांच्या वर, म्हणजे १५ ग्रॅम अरेबिकात अंदाजे १८० मिलिग्रॅम आणि तेवढ्याच रोबस्टात ३०० च्या पुढे, सगळं काही कपात उतरत नाही पण प्रमाण तेच राहतं. चिकोरीत कॅफिनच नसतं, त्यामुळे ७०:३० च्या पावडरीतून १५ ग्रॅम घेतली तर कॉफी फक्त साडेदहा ग्रॅम. म्हणून रात्री झोप येत नसेल तर रोस्ट बदलून उपयोग नाही, रोबस्टा टाळा, कप लहान करा आणि दुपारनंतर पिऊ नका.