सरासरी बरोबर काढली, तरी उत्तर चूक का? या चुका टाळा

प्रश्न साधा असतो. एका वॉर्डातले 11 रुग्ण किती दिवस दाखल होते ते दिलेले असते: 3, 2, 5, 40, 4, 3, 6, 2, 5, 4, 3. या वॉर्डातल्या नेहमीच्या रुग्णाचा मुक्काम सांगण्यासाठी कोणते मापक योग्य, ते कारणासह लिहा. विद्यार्थी बेरीज करतो, 77 येते. भागिले 11, उत्तर 7 दिवस. आकडेमोडीत कुठेही चूक नाही, तरीही गुण शून्य. पेपर हातात पडल्यावर मुलं माझ्याकडे येतात ती हेच विचारायला, आणि त्यांची तक्रार मला समजते. सरासरी बरोबरच आहे, पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

आकडे चढत्या क्रमाने लावून बघा: 2, 2, 3, 3, 3, 4, 4, 5, 5, 6, 40. आता 7 कुठे बसतो ते शोधा. अकरापैकी दहा रुग्ण 7 दिवसांच्या आतच घरी गेले. उरलेला एक 40 दिवस राहिला. म्हणजे नेमका 7 दिवस मुक्काम झालेला रुग्ण या यादीत एकही नाही.

असं का होतं? सरासरी हा तोलाचा बिंदू आहे. दहा रुग्ण 7 पेक्षा जितके कमी राहिले ते सगळे फरक मिळवा: 33 दिवस. एकटा 40 वाला 7 पेक्षा 33 दिवसच जास्त राहिला. एका माणसाने दहा जणांचा तोल सांभाळला आहे, म्हणून काटा त्याच्याकडे सरकला. याच 40 च्या जागी 150 घातले तर सरासरी 17 होते. मध्यक मात्र सहाव्या जागेवरचा आकडा, तो 4 होता आणि 4 च राहतो, कारण त्याला टोकाचा आकडा किती मोठा आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. तो फक्त अर्धे अलीकडे आणि अर्धे पलीकडे एवढंच बघतो.

सरासरी इथे चालणार नाही हे ओळखायची मला सर्वांत आवडणारी खूण प्रमाण विचलनात आहे. या आकड्यांचं प्रमाण विचलन साधारण 11 येतं. आता 7 मधून 11 वजा करा: उणे 4 दिवस. उणे दिवस कोणी दाखल राहत नाही. ज्या राशी शून्याखाली जाऊच शकत नाहीत, तिथे असं उत्तर आलं की आकडे एका बाजूला ओढलेले आहेत, म्हणजे स्क्यूड आहेत, असं समजा.

एवढं कळूनही गुण जातात. सगळ्यांत जास्त जातात ते ‘आउटलायर आहे म्हणून मध्यक’ एवढंच लिहून थांबल्यामुळे. आउटलायरने काय बिघडवलं ते सांगावं लागतं: ‘40 या आकड्यामुळे सरासरी 7 वर ओढली गेली, दहा रुग्णांचा मुक्काम त्याहून कमी आहे, म्हणून 4 दिवस हा मध्यक नेहमीचा मुक्काम जास्त चांगला दाखवतो.’ दोन ओळी, पण त्यात संदर्भ आहे. काही जण आकडे न लावताच दिलेल्या यादीतला सहावा आकडा घेतात. इथे तो 3 येतो. काही जण (n+1)/2 = 6 हेच उत्तर म्हणून लिहितात, पण ती जागा आहे, मध्यक नव्हे.

मध्यक निवडून पुढे पसरण म्हणून प्रमाण विचलन लिहिणं हीसुद्धा चूकच. ते सरासरीपासूनच मोजलेलं असतं, त्यामुळे 40 चा तोच प्रभाव मागच्या दाराने परत येतो. मध्यकाबरोबर आंतरचतुर्थक विस्तार द्या. इथे पहिला चतुर्थक 3, तिसरा 5, म्हणून विस्तार 2 दिवस.

आणि 40 खोडून उरलेल्या दहांची सरासरी 3.7 काढणं? नोंद चुकली आहे असं प्रश्नात म्हटलं असेल तरच. तो रुग्ण खरोखर 40 दिवस राहिला असेल, तर तो आकडा आपल्याला आवडत नाही हे त्याला वगळायचं कारण होऊ शकत नाही.

म्हणून आकडेमोडीआधी प्रश्नातला शब्द वाचा. ‘नेहमीचा’, ‘प्रातिनिधिक’ म्हटलं असेल आणि आकडे स्क्यूड असतील, तर मध्यक. पण त्याच वॉर्डात पुढे असेच 100 रुग्ण आले तर खाटा एकूण किती दिवस अडकतील, असं विचारलं, तर अंदाज 7 गुणिले 100, म्हणजे 700 दिवस. मध्यक घेऊन 400 लिहिलं तर 40 दिवस राहणाऱ्यांसाठी खाटाच उरणार नाहीत. तिथे मध्यक चूक आहे आणि सरासरी बरोबर.