छोट्या टीमची रिलीज चेकलिस्ट: पुढे केव्हा जायचे, थांबायचे केव्हा आणि मागे केव्हा फिरायचे

चार जणांची एक टीम आहे असे धरू. घाऊक किराणा मालाच्या ऑर्डर घेणारे एक वेब ॲप ती सांभाळते. ॲप दोन सर्व्हरवर चालते आणि त्यामागे पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस आहे. येत्या रिलीजमध्ये दुकानदाराला माल पोहोचवण्याची वेळ निवडण्याची सोय द्यायची आहे, आणि त्यासाठी ऑर्डरच्या टेबलात एक नवा कॉलम जोडावा लागणार आहे. काम साधे आहे, पण चेकलिस्टची खरी परीक्षा अशाच कामात होते. त्यामुळे हेच उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवतो.

चेकलिस्ट लिहायला बसल्यावर बहुतेक टीम पुढे जाण्याच्या पायऱ्यांपासून सुरुवात करतात. माझा आग्रह असा, की मागे फिरण्याची पायरी आधी लिहावी, कारण पुढे जाण्यापूर्वी काय तपासायचे हे तिच्यावरूनच ठरते.

पहिली पायरी: मागे फिरण्याचा रस्ता आधी चालून पाहा

रोलबॅक म्हणजे जुना कोड पुन्हा चढवणे, एवढेच पुष्कळांच्या मनात असते. कोड परत जातो, पण मधल्या वेळात नव्या कोडने डेटाबेसमध्ये लिहिलेला डेटा तिथेच राहतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होतो, तिथे आम्ही चार मिनिटांत जुन्या कोडवर परतलो आणि तरीही ऑर्डरची यादी कुणालाच दिसेना. नव्या कोडने काही ऑर्डरना एक नवी स्थिती दिली होती, ती जुन्या कोडला ओळखता येत नव्हती आणि अशी एक जरी ऑर्डर यादीत आली तरी सगळे पान कोसळत होते. आमच्या चेकलिस्टमध्ये ‘रोलबॅकची तयारी आहे का’ या ओळीपुढे ‘हो’ लिहिलेले होते आणि ते लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणेच लिहिले होते.

म्हणून सराव असा करावा. चाचणीच्या सर्व्हरवर नवा कोड चढवून तीन ऑर्डर नोंदवाव्यात: एक वेळ निवडून, एक वेळ न निवडता आणि एक अर्धवट सोडून. मग जुना कोड चढवावा आणि त्या तिन्ही ऑर्डर उघडून पाहाव्यात, त्यांतली एक रद्दही करून पाहावी. याला किती मिनिटे लागली ते घड्याळ लावून मोजावे आणि चेकलिस्टमध्ये लिहावे. आपल्या उदाहरणात सहा मिनिटे लागली असे समजू. पुढे हा आकडा उपयोगी पडेल.

हा सराव यशस्वी व्हायचा असेल तर डेटाबेसमधला बदल जुन्या कोडलाही चालणारा हवा. त्यामुळे नवा कॉलम रिकामा राहू शकेल असाच जोडावा. तो भरणे सक्तीचे केले आणि त्याला पूर्वनिश्चित मूल्यही दिले नाही, तर जुना कोड एकही ऑर्डर नोंदवू शकणार नाही, कारण त्याला त्या कॉलमचा पत्ताच नसतो.

```sql
SET lock_timeout = '3s';
ALTER TABLE orders ADD COLUMN slot_id integer;
```

पहिली ओळ विसरू नये. कॉलम जोडण्याचे काम क्षणभराचे असले, तरी त्यासाठी टेबलावर पूर्ण कुलूप लागते. एखादा लांबलेला अहवाल ते टेबल वाचत असेल तर आपली आज्ञा त्याच्या मागे ताटकळते आणि नंतर येणाऱ्या सगळ्या ऑर्डर आपल्या मागे रांगेत उभ्या राहतात. मर्यादा घातली की तीन सेकंदांनी `canceling statement due to lock timeout` असा संदेश येतो, आपली आज्ञा मागे हटते आणि दुकानदारांचे काम पुढे चालू राहते. तो अहवाल संपल्यावर पुन्हा प्रयत्न करावा. तीन प्रयत्नांत जमले नाही तर त्या दिवशी रिलीज नाही, असे चेकलिस्टमध्ये आधीच लिहून ठेवावे.

दुसरी पायरी: प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचे नाव

‘बॅकएंड टीम’ किंवा ‘डेव्हलपर’ असे लिहिलेली ओळ कुणाचीच नसते. प्रत्येक ओळीपुढे एकाच व्यक्तीचे नाव हवे आणि ती अचानक उपलब्ध नसल्यास कोण, हेही हवे. चार जणांत चार कामे अशी वाटता येतात: एक जण आज्ञा चालवतो, दुसरा आलेख आणि लॉग पाहतो, तिसरा ग्राहकांचे फोन आणि संदेश सांभाळतो आणि चौथा निर्णय घेतो. माणसे कमी असतील तर एकाकडे दोन कामे द्यावीत, पण आज्ञा चालवणारा आणि आलेख पाहणारा एकच नसावा. ज्याचे डोळे टर्मिनलवर खिळलेले असतात त्याला आलेख वाकडा झालेला दिसत नाही.

नाव नसले तर काय होते, याचे सर्वांत महागडे उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिची नवी प्रणाली सुरू व्हायची होती. आठ सर्व्हरपैकी सात सर्व्हरवर नवा कोड पोहोचला आणि एकावर राहून गेला. दुसऱ्या कुणी तो तपासावा असा लेखी नियमच नव्हता. नवी सोय चालू करण्यासाठी जो फ्लॅग वापरला होता, तो पूर्वी एका जुन्या सोयीसाठी वापरात होता. ती सोय २००३ नंतर वापरलेली नसली तरी तिचा कोड काढलेला नव्हता, त्यामुळे आठव्या सर्व्हरवर फ्लॅगने तोच कोड जागा केला. बाजार उघडण्यापूर्वी या चुकीचा उल्लेख असलेले ९७ स्वयंचलित ईमेल कंपनीतल्या लोकांना गेले होते, पण ते इशारे म्हणून पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. पुढे गोंधळ लक्षात आल्यावर सातही सर्व्हरवरून नवा कोड काढण्यात आला, फ्लॅग मात्र चालूच राहिला. आता आठही सर्व्हर जुन्या कोडवर तीच चूक करू लागले. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

यातून आपल्या चेकलिस्टमध्ये दोन ओळी थेट येतात. पहिली ही, की रोलबॅक करताना आधी फ्लॅग बंद करायचा आणि मगच कोड परत न्यायचा. नवा कॉलम मात्र तसाच ठेवायचा. तो घाईने काढला तर तोपर्यंत निवडलेल्या वेळा कायमच्या जातील. दुसरी ओळ ही, की दोन्ही सर्व्हरवर कोणती आवृत्ती चालू आहे ते आज्ञा चालवणाऱ्याखेरीज दुसऱ्याने पाहायचे. ते पाहताना सर्व्हरवरच्या फाइली पाहून भागत नाही, कारण फाइली नव्या आणि चालू असलेली प्रक्रिया जुनी असे सर्रास होते. ॲपनेच `/version` सारख्या पत्त्यावर आपली आवृत्ती सांगावी आणि प्रत्येक सर्व्हरला वेगळे विचारावे.

तिसरी पायरी: जायचे की थांबायचे

रिलीजच्या अर्धा तास आधी चौघांनी एकत्र बसून यादी मोठ्याने वाचावी. प्रश्न असे असावेत की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येईल आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला पुरावा दाखवता येईल. ‘चाचणी नीट झाली का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘चाचणी केलेली आवृत्ती आणि आता चढवायची आवृत्ती यांचा क्रमांक एकच आहे का’ हा प्रश्न उपयोगी आहे. ‘बॅकअप आहे का’ याऐवजी ‘कालचा बॅकअप दुसऱ्या डेटाबेसवर उतरवून त्यातल्या ऑर्डर मोजल्या का’ असे विचारावे. याशिवाय पहिल्या पायरीतला सराव झाला का, आणि चौघेही पुढचे दोन तास जागेवर आहेत का, एवढे विचारले की पुरे. वीस प्रश्नांची यादी तिसऱ्या रिलीजपासून न वाचताच भरली जाते.

‘बहुधा’, ‘झाले असेल’ ही उत्तरे ‘नाही’ समजावीत. एकही ‘नाही’ आले तर रिलीज थांबते आणि थांबवणाऱ्याला त्याबद्दल कुणी बोल लावत नाही. ग्राहकाला तारीख दिलेली असताना हे जड जाते, हे मी जाणतो. म्हणूनच तारीख ठरवताना पर्यायी दिवसही त्याच वेळी सांगून ठेवावा. आपल्या दुकानदारांच्या ऑर्डर संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत जास्त येतात, तेव्हा मंगळवारी सकाळी अकरा ही वेळ बरी: थोड्या ऑर्डर येत असतात, त्यामुळे दोष दिसतो, पण नुकसान मर्यादित राहते.

चौथी पायरी: मागे फिरण्याच्या खुणा आकड्यांत

खूण आकड्यात, कालावधीसह आणि रिलीजपूर्वी ठरलेली हवी. ‘फार एरर आल्या तर मागे फिरू’ असे लिहिले, तर ऐन वेळी ‘फार’ म्हणजे किती यावर वाद होतो आणि आणखी दहा मिनिटे जातात.

मोठ्या कंपन्यांसारखी टक्केवारी छोट्या टीमने जशीच्या तशी घेऊ नये. मिनिटाला चाळीस विनंत्या येत असतील, तर एक फसली तरी अडीच टक्के होतात. त्यामुळे टक्क्यांऐवजी संख्या धरावी. मागच्या चार मंगळवारी अकरा ते बारा या वेळेत काय घडले ते लॉगमधून काढावे. समजा, दहा मिनिटांत सर्व्हरच्या बाजूने फसलेल्या विनंत्या कधीच दोनांपेक्षा जास्त नव्हत्या आणि पूर्ण झालेल्या ऑर्डर वीसपेक्षा कधी कमी नव्हत्या. मग खुणा अशा ठरतात: दहा मिनिटांत दहा विनंत्या फसल्या तर मागे, दहा मिनिटांत आठपेक्षा कमी ऑर्डर पूर्ण झाल्या तर मागे, आणि एकाही ऑर्डरची रक्कम चुकीची निघाली तर तत्काळ मागे.

दुसरी खूण मला सर्वांत मोलाची वाटते. पानावरचे ‘ऑर्डर द्या’ हे बटणच दाबले जात नसेल तर सर्व्हरवर एकही एरर येत नाही आणि आलेख स्वच्छ दिसतो. ऑर्डरची घटलेली संख्याच ते उघड करते.

आता सरावातला सहा मिनिटांचा आकडा घ्या. खूण दिसायला दहा मिनिटे आणि परतायला सहा, म्हणजे जास्तीत जास्त सोळा मिनिटे दुकानदारांचा खोळंबा होईल. तेवढा चालणार नसेल तर कालावधी पाच मिनिटांवर आणावा आणि संख्याही त्या प्रमाणात कमी करावी. खूण पूर्ण झाली की आलेख पाहणाऱ्याने ‘मागे’ एवढेच म्हणावे आणि आज्ञा चालवणाऱ्याने कामाला लागावे. इथे परवानगी मागायची नसते, कारण निर्णय आदल्या दिवशीच घेतलेला असतो. कारणाचा शोध जुना कोड चालू झाल्यावर घ्यावा. ‘दोन ओळींचा दोष आहे, लगेच दुरुस्त करतो’ हे वाक्य अशा वेळी हमखास येते, आणि ती घाईची दुरुस्ती कुणीही तपासलेली नसते.

पहिला तास शांत गेला तरी त्याच संध्याकाळी सहा ते नऊ आलेखांकडे कोण पाहणार, त्याचे नाव यादीत हवे. त्या वेळच्या खुणा संध्याकाळच्या आकड्यांवरून वेगळ्या काढाव्यात, नाहीतर सकाळचे आठ ऑर्डरचे प्रमाण गर्दीच्या वेळी काहीच सांगणार नाही.

नवा कॉलम भरणे सक्तीचे करायचे असेल तर ते दोन-तीन आठवड्यांनी, वेगळ्या रिलीजमध्ये आणि वेगळ्या चेकलिस्टने करावे. त्या रिलीजनंतर वेळ न विचारणारा जुना कोड चालणार नाही, म्हणून तिच्या यादीत ‘या ओळीनंतर मंगळवारच्या आधीच्या आवृत्तीवर परतता येत नाही’ असे स्पष्ट लिहावे आणि त्याखाली निर्णय घेणाऱ्याचे नाव घालावे.