दुकानाच्या लेबलाखालचं चित्र परत कसं आणावं

माळ्यावर सापडलेल्या जुन्या सापशिडीच्या झाकणाचा स्कॅन करून ते चित्र स्वच्छ, छापण्याजोगं करायचं असतं, आणि नेमकं कोपऱ्यात दुकानदाराने किमतीचं लेबल मारलेलं असतं. पहिला मोह होतो नखाने ते उचकटायचा. तसं करू नका. जुन्या खोक्यांचा पुठ्ठा बहुधा साधा असतो, वर छापील कागद चिकटवलेला. लेबलाचा गोंद वर्षानुवर्षं त्या कागदात मुरलेला असतो, त्यामुळे लेबल निघतं ते शाईचा थर घेऊनच. खोकं आहे तसं ठेवा, काम स्कॅनवर करा. या लेखात मी GIMP हे चित्रं दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर धरून सांगतो. ते फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं.

स्कॅन ६०० डीपीआयला घ्या आणि स्कॅनरची रंग व धार आपोआप सुधारणारी सगळी बटणं बंद ठेवा. झाकणाच्या मागे काळा कागद धरला तर कडा नीट सुटून दिसतात. मग झाकण १८० अंशांत फिरवून आणखी एक स्कॅन घ्या. सपाट स्कॅनरमध्ये प्रकाश एका बाजूने पडतो, त्यामुळे घडीची, सुरकुतीची आणि लेबलाच्या कडेची सावली दोन्ही स्कॅनमध्ये उलट बाजूंना येते. दोन्ही शेजारी ठेवले की छापलेली रेघ कोणती आणि नुसती सावली कोणती हे लगेच कळतं. मूळ स्कॅन टिफमध्ये जपून ठेवा आणि काम त्याच्या प्रतीवर करा.

आता छपाईच्या ठिपक्यांकडे वळू. ऑफसेट छपाईचा रंग ठिपक्यांच्या जाळीतून बनतो. इंचाला १५० ओळींची जाळी असेल तर ६०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एका ठिपक्याला जेमतेम ४ पिक्सेल येतात. या जाळीवरच क्लोन टूल चालवलं तर आणलेल्या तुकड्याची जाळी शेजारच्या जाळीशी जुळत नाही आणि जोडावर लाटांसारखे पट्टे उमटतात. म्हणून जाळी आधी घालवायची, दुरुस्ती नंतर. `Filters > Blur > Gaussian Blur` मध्ये २ पिक्सेलपासून सुरुवात करा. स्वस्त छपाईची जाळी जाड असते, तिथे अडीच ते तीन लागतात. ठिपके विरले की चित्र निम्म्यावर, म्हणजे ३०० डीपीआयवर आणा, अंधुकपणा बराचसा कमी होतो.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: लेबलाखाली काय होतं याचा पुरावा कुठे आहे? अंदाजाने भरलेलं चित्र आणि पुराव्यावरून उभं केलेलं चित्र यांत फार फरक आहे. खोक्याच्या बाजूच्या पट्ट्या, सोंगट्यांच्या पुडीवरचं छोटं चित्र, नियमांचा कागद, सोबतचा पट हे सगळं आधी स्कॅन करा. झाकणावरचं चित्र बाजूच्या पट्टीवर लहान आकारात पुन्हा छापण्याची पद्धत सर्रास होती. ओळखीत कुणाकडे तेच खोकं असेल तर त्याचा साधा फोटोही आकार जुळवायला उपयोगी पडतो.

एक उदाहरण घेऊ. झाकणाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ३ सेंटीमीटर बाय २ सेंटीमीटरचं पिवळट लेबल आहे. ६०० डीपीआयच्या स्कॅनवर ते सुमारे ७०० बाय ४७० पिक्सेल, निम्मं केल्यावर ३५० बाय २३५. त्याखाली तीन गोष्टी अडकल्या आहेत: पिवळ्यापासून केशरीपर्यंत उतरणारी पार्श्वभूमी, मुलाच्या सदऱ्याची बाही आणि ‘२ ते ४ खेळाडूंसाठी’ या ओळीचा शेवट.

पार्श्वभूमीला क्लोन टूल लावू नका, डाग राहतात. नवा लेयर घ्या, लेबलाच्या वरून आणि खालून रंग उचला आणि Gradient टूलने त्या दोन रंगांमध्ये उतार भरा. हा भाग आता शेजारच्या कागदापेक्षा गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखा दिसेल. `Filters > Noise > RGB Noise` अगदी थोडा दिला की तो बसतो.

बाही बाजूच्या पट्टीवरून येईल. तिचा तुकडा झाकणावर नव्या लेयरमध्ये ठेवा, लेयर अर्धपारदर्शक करा आणि Unified Transform ने ताणत लेबलाबाहेर दिसणाऱ्या घडीच्या रेषांवर बसवा. पट्टीवरचे रंग जरा वेगळे असतील. उन्हाने किरमिजी आणि पिवळी शाई सहसा आधी उडते, निळी आणि काळी टिकते, म्हणून झाकण बाजूंपेक्षा निळसर झालेलं असू शकतं. तुकड्याचा रंग Curves ने आजूबाजूशी जुळवा, मग जोडावर Heal टूल फिरवा.

अक्षरांसाठी मी फॉन्ट शोधत बसत नाही. त्या काळची कितीतरी अक्षरं हाताने काढलेली, ती कोणत्याच फॉन्टशी जुळत नाहीत. ओळीतला ‘डूंसाठी’ हा तुकडा झाकलेला असेल तर खोक्यावरच्या बाकीच्या मजकुरात त्याच वळणाचे ‘ड’, ‘स’, ‘ठ’ शोधा. ‘खेळा’ दिसत असेल तर काना तिथेच मिळाला. शिरोरेषा मात्र तुकड्यातुकड्यांची जोडू नका. शाबूत भागातली तिची जाडी मोजा आणि एकच सरळ पट्टी ओढा. शिरोरेषा एका पिक्सेलने हलली तरी ते डोळ्याला खुपतं.

बारकोडचं गणित वेगळं. तो चिकटवलेला आहे की छापलेला, ते आधी बोट फिरवून पाहा. चिकटवलेला असेल आणि आकडा २ ने सुरू होत असेल तर तो बहुधा दुकानाने स्वतःच्या हिशोबासाठी लावलेला असतो, खाली छापील चित्र असणारच. बारकोड खोक्यासोबतच छापलेला असेल तर त्या पांढऱ्या चौकटीखाली काहीच नाही, कारण चित्रकाराने ती जागा मोकळी सोडलेली होती. तिथे चित्र वाढवलं तर ती आपली भर झाली. संग्रहासाठीच्या प्रतीत असा बारकोड राहू द्यावा असं माझं ठाम मत आहे. भिंतीवर लावायच्या प्रतीत खुशाल काढा, पण वेगळ्या लेयरवर.

तपासणीसाठी `Layer > New from Visible` करून त्या लेयरवर Curves ने काँट्रास्ट भरपूर वाढवा. एरवी न दिसणारे ठिगळांचे चौकोन लगेच उठून दिसतात. नंतर चित्र आडवं उलटवून २५ टक्क्यांवर पाहा. उलटलेल्या चित्रात सवयीची नजर फसत नाही, जोड कुठे राहिला ते कळतं.

फाइल GIMP च्या स्वतःच्या XCF प्रकारात साठवा, म्हणजे लेयर शाबूत राहतात, आणि उभा केलेला प्रत्येक भाग वेगळ्या, नाव दिलेल्या लेयरवर असू द्या: ‘बाही, बाजूच्या पट्टीवरून’, ‘उतार, अंदाजे’. नवं झाकण छापणार असाल तर आतल्या बाजूला पुनर्मुद्रण असल्याचं लिहा, नाहीतर उद्या कुणीतरी ते अस्सल म्हणून विकत घेईल. आणि विक्रीला असलेल्या मालावरची छापील किंमत खोडणं किंवा बदलणं आपल्याकडे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार निषिद्ध आहे. तिथे हे तंत्र वापरायचं नाही.