शाळेतल्या मुलांचा सर्व्हे करायचाय? आधी संमतीपत्रांचं बघा

समजा पाचवी ते आठवीच्या मुलांना मोबाईल आणि झोपेबद्दल २० प्रश्न विचारायचेत. बहुतेक जण प्रश्नावली आधी बनवतात आणि संमतीपत्र शेवटच्या रात्री कुठून तरी कॉपी-पेस्ट करतात, आणि एथिक्स कमिटीकडून फाईल परत येते ती त्याच्यामुळेच.

पहिलं काम मुख्याध्यापकांचं लेखी परवानगीपत्र. पण त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला शाळेत पाऊल ठेवता येईल, ते पालकांच्या संमतीच्या जागी चालत नाही.

मग पालकांसाठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, धोका नगण्य असेल तर साधारणपणे एका पालकाची सही पुरते. वाचता न येणारे पालक असतील तर अंगठा आणि सोबत एका त्रयस्थ साक्षीदाराची सही, त्यासाठी फॉर्मवर जागा आधीच ठेवा. तो साक्षीदार तुमच्याच टीममधला नको.

खरी गंमत मुलांच्या होकारात आहे. ७ ते १२ वयाला तोंडी होकार, तोही पालकांसमोर, आणि १२ ते १८ ला लेखी. आता आपली मुलं साधारण १० ते १४ ची, म्हणजे सहावी-सातवीच्या एकाच बाकावर दोन्ही प्रकारची पोरं बसणार! म्हणून इयत्तेवरून ठरवू नका, जन्मतारखेची यादी घ्या.

भाषेचं सांगते. माझ्या पहिल्या फॉर्मवर लिहिलं होतं, "सदर अभ्यासातील सहभाग सर्वस्वी ऐच्छिक आहे." सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक विषय का?" मग बदललं: "तुला नको वाटलं तर नाही म्हण. मधेच थांबलीस तरी चालेल. मार्कांवर काही फरक पडणार नाही आणि सर रागावणार नाहीत." आणि फॉर्म वर्गशिक्षकांना गोळा करायला देऊ नका, त्यांच्यासमोर कोण नाही म्हणणार!

कमिटीच्या फाईलमध्ये प्रोटोकॉल, प्रश्नावली, शाळेचं पत्र आणि सगळे फॉर्म मराठी-इंग्रजी दोन्हीत. प्रोटोकॉलमध्ये दोन गोष्टी स्पष्ट लिहा. एक, नाही म्हणणारी मुलं त्या तासाला काय करतील. दुसरं, एखाद्या उत्तरातून लैंगिक अत्याचार समोर आला तर काय, कारण पोक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, म्हणून "काहीही झालं तरी कुणालाच सांगणार नाही" असं फॉर्ममध्ये लिहूच नका.

प्रत्येक फॉर्मच्या तळाशी आवृत्ती आणि तारीख टाका. कमिटीने बदल सुचवला की लोक इंग्रजी प्रत सुधारतात आणि मराठी तशीच राहते, माझी फाईल दुसऱ्यांदा त्याच्यावरच अडकली. आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही, पायलट म्हणूनसुद्धा नाही, कारण मागाहून मंजुरी मिळत नाही.