गुहा करडी का दिसत होती

गेम टेस्टिंगमध्ये आले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी एक बग रिपोर्ट टाकला. 'गुहेतला सीन, एचडीआर चालू. काळोख करडा दिसतो, भिंती धुतल्यासारख्या. एचडीआर बंद केलं की बरं दिसतं.' सोबत मोबाईलने काढलेला स्क्रीनचा फोटोही जोडला होता. तासाभरात रिपोर्ट बंद होऊन परत आला. टीम लीड माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तुझा मॉनिटर कुठला गं?" मी खोका दाखवला. त्यावर ठळक अक्षरात 'एचडीआर१०' छापलेलं होतं. तो हसला आणि म्हणाला, "हे तर फक्त सिग्नल कळतो एवढंच सांगतंय. दाखवता येतो असं कुठे लिहिलंय?"

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचा बहुतेक गोंधळ इथेच होतो, म्हणून ती गुहा जरा नीट उलगडून सांगते.

एचडीआर म्हणजे खूप उजळ ऊन आणि खूप गडद काळोख एकाच चित्रात मावेल असा सिग्नल. एचडीआर१०, एचडीआर१०+, डॉल्बी व्हिजन आणि एचएलजी या त्या सिग्नलच्या भाषा आहेत. एखाद्या टीव्हीवर चारही नावं असली तर त्याला त्या चारही भाषा समजतात. पण त्याचा पॅनल किती उजळ होतो आणि किती काळा राहतो, याबद्दल ती नावं अवाक्षर काढत नाहीत. एचडीआर१० मध्ये प्रत्येक पिक्सेलसोबत 'मला इतके निट हवेत' असा थेट आकडा येतो (निट म्हणजे उजेड मोजायचं एकक). जुन्या साध्या सिग्नलमध्ये, म्हणजे एसडीआरमध्ये, 'तुझ्या कमालीच्या इतके टक्के' एवढंच असायचं आणि ती कमाल तुम्ही ब्राइटनेसच्या बटणाने ठरवायचात. एचडीआरचा आकडा १०,००० निटपर्यंत जाऊ शकतो. इतका उजेड घरातले बहुतेक पडदे देत नाहीत, त्यामुळे जमत नाही तिथे पडदा आपल्या मनाने तडजोड करतो. त्या तडजोडीलाच टोन मॅपिंग म्हणतात.

आता माझा मॉनिटर. साधा आयपीएस पॅनल, मागे एकच अखंड बॅकलाइट, कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१. म्हणजे पांढरा जितका उजळ, त्याच्या हजाराव्या भागाइतका उजेड काळ्यातूनही गळतो. एसडीआरमध्ये मी ब्राइटनेस १२० निटच्या आसपास ठेवायचे, तेव्हा काळा ०.१२ निट पडायचा. एचडीआर चालू केलं की मॉनिटर बॅकलाइट पूर्ण उघडायचा, कारण गेम केव्हाही मोठा आकडा मागू शकतो. उजेड ४०० निटवर गेला आणि काळाही ०.४ वर. गुहेच्या तोंडाशी ऊन होतं. तिथे गेमने १००० निट मागितले आणि मिळाले ४००. आतल्या भिंतीला ०.०५ निट हवे होते, तिथेही ०.४ च मिळाले. ०.४ च्या खाली गेमने रंगवलेली प्रत्येक सावली, प्रत्येक भेग एकाच करड्या थरात बुडाली. म्हणजे एचडीआर चालू करून मी काळोख तिपटीहून जास्त उजळ करून घेतला होता आणि बदल्यात ऊनही धड मिळालं नव्हतं.

माझा रिपोर्ट खरा होता, फक्त तो गेमबद्दल नव्हता.

एचडीआरने चित्र सुधारतं ते पडदा एका जागी खूप उजळ आणि त्याच क्षणी शेजारी खूप काळा होऊ शकतो तेव्हाच. नुसत्या उजेडाने काम भागत नाही. त्यासाठी मागचा बॅकलाइट तुकड्यातुकड्याने वेगवेगळा मंद करता यावा लागतो. यालाच लोकल डिमिंग म्हणतात, आणि त्या प्रत्येक तुकड्याला झोन. म्हणून लेबल वाचताना मी आधी 'लोकल डिमिंग आहे का, असेल तर किती झोनचं' हे पाहते आणि निटचा आकडा नंतर.

मॉनिटरच्या लेबलांत थोडं तरी काही सांगणारं लेबल म्हणजे व्हेसा या संस्थेचं 'डिस्प्लेएचडीआर'. डिसेंबर २०१७ मध्ये ते आलं, ४००, ६०० आणि १००० अशा पायऱ्यांनी. आकडा कमाल निटचा, पण ती कमाल पडद्याच्या छोट्या चौकोनात मोजलेली असते, पूर्ण पडद्यावर टिकून राहणारी नव्हे. ४०० ची पायरी लोकल डिमिंगशिवायही मिळते. माझ्यासारख्या गुहा बहुतेक याच पायरीवर सापडतात. ६०० ला व्यवहारात लोकल डिमिंग लागतंच, पण कडेच्या दिव्यांचे मोजके उभे पट्टे असले तरी चालून जातं. १००० पासून मात्र फरक डोळ्यांना दिसायला लागतो. ओलेडमध्ये मागे बॅकलाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो. त्याच्यासाठी 'ट्रू ब्लॅक' नावाची वेगळी रांग आहे. तिथे काळा ०.०००५ निटपर्यंत खाली असावा लागतो. त्यामुळे ट्रू ब्लॅक ४०० आणि साधं ४०० यांचा आकडा सारखा असला तरी ते अगदी वेगळे पडदे आहेत, आणि गुहेत पहिला दुसऱ्याला सहज हरवतो. २०२४ मध्ये व्हेसाने अटी कडक केल्या, त्यामुळे लेबल जुन्या नियमांचं की नव्या, हेही पाहावं. आणि खोक्यावर 'डिस्प्ले' हा शब्द गाळून नुसतं 'एचडीआर ४००' असेल, तर त्यामागे ही चाचणी असेलच असं नाही. एक शब्द गाळायचं काम किती सोयीचं असतं बघा.

लेबलांवर विश्वास नसेल तर दोन मिनिटांची एक चाचणी आहे. टीम लीडने त्याच दिवशी शिकवली, आणि आजही नवा पडदा टेबलावर आला की मी आधी तीच करते. खोलीतले दिवे बंद करायचे, विंडोजमध्ये `Win+Alt+B` दाबून एचडीआर चालू करायचं आणि निव्वळ काळं चित्र फुल स्क्रीन उघडायचं. मग माउसचा पांढरा कर्सर हळूहळू फिरवायचा. अखंड बॅकलाइट असेल तर सगळा पडदा एकसारखा करडा चमकतो, कर्सर कुठेही असो. कडेचे पट्टे असतील तर कर्सरसोबत एक उजळ उभा पट्टा सरकतो, आणि कर्सर सीमा ओलांडताना उजेड एका पट्ट्यातून दुसऱ्यात उडी मारताना दिसतो. मिनी एलईडीवर, म्हणजे मागे बारीक दिव्यांचे पुष्कळ झोन असलेल्या पडद्यावर, कर्सरभोवती प्रभावळ दिसते. ओलेडवर फक्त कर्सर दिसतो, बाकी पडदा बंद पडलाय असं वाटावं इतका काळा.

ती प्रभावळ का पडते, हे साध्या हिशोबात कळतं. समजा ४के पडद्यामागे ११५२ झोन आहेत, आडवे ४८ आणि उभे २४. म्हणजे एका झोनच्या वाट्याला ८० बाय ९० पिक्सेल आले. कर्सर त्याहून लहान, पण त्याच्यासाठी अख्खा झोन पेटतो. गुहेच्या तोंडासारख्या मोठ्या उजळ भागाला याने काही बिघडत नाही. ताऱ्यांनी भरलेलं आकाश किंवा काळ्या पडद्यावरची पांढरी सबटायटल्स मात्र याची परीक्षा घेतात. ओलेडची गंमत उलटी आहे. छोट्या भागात तो झगझगीत होतो, पण बर्फाचं मैदान आलं की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी पूर्ण पडदा मंदावतो. दिवसाउजेडी खिडकीसमोर बसून खेळणाऱ्याला मी ओलेडपेक्षा चांगला मिनी एलईडीच सुचवेन. रात्री दिवे मालवून खेळणाऱ्याला ओलेड, डोळे मिटून.

पडदा चांगला असला तरी मांडणी चुकली की चित्र बिघडतं. नवे टेस्टर सर्वात आधी तक्रार करतात ती 'एचडीआर चालू केल्यावर डेस्कटॉप फिका पडला' अशी. हा बहुधा दोष नसतो. रुंद रंगपट्टीचे मॉनिटर एसडीआरमध्ये साधे रंग ताणून भडक दाखवतात, एचडीआरमध्ये तेच रंग जागेवर येतात, आणि भडकपणाची सवय झालेल्या डोळ्याला ते फिके वाटतात. उजेड कमी वाटत असेल तर डिस्प्ले सेटिंग्जमधल्या एचडीआरच्या पानावर `SDR content brightness` नावाची पट्टी आहे, ती सरकवायची. मॉनिटरचं ब्राइटनेसचं बटण या मोडमध्ये बऱ्याचदा कुलूपबंद असतं.

त्यानंतर `Windows HDR Calibration` हे अ‍ॅप. ते तीन नमुने दाखवतं: सर्वात काळा किती, छोट्या भागातला कमाल उजेड किती आणि पूर्ण पडद्याचा किती. प्रत्येक ठिकाणी नमुना जेमतेम दिसेनासा होईल तिथे थांबायचं. गेममध्ये पुन्हा दोन पट्ट्या भेटतात. 'पीक ब्राइटनेस'मध्ये पडद्याचा खरा कमाल आकडा द्यायचा. 'पेपर व्हाइट' म्हणजे साध्या पांढऱ्या कागदाचा आणि मेनूचा उजेड. प्रसारणाच्या शिफारशीत तो २०३ निट धरतात, अंधाऱ्या खोलीत मी तो १५० पर्यंत उतरवते.

टीव्हीवर एक जादा अडचण येते. गेम किंवा कन्सोल स्वतः टोन मॅपिंग करतो, आणि टीव्हीही आपल्या परीने पुन्हा करतो. असं दुहेरी झालं की कन्सोलच्या नमुन्यातलं चिन्ह पट्टी शेवटाला नेली तरी पुसलं जात नाही. मग कन्सोल समजतो की हा टीव्ही अफाट उजळ आहे, आणि ढगांचा तपशील पांढऱ्या डागात हरवतो. टीव्हीच्या मेनूत `HGiG` हा पर्याय असेल तर तो निवडून कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. त्या मोडमध्ये टीव्ही स्वतःची तडजोड थांबवतो आणि चिन्ह योग्य जागी नाहीसं होतं. त्याआधी टीव्हीवर त्या एचडीएमआय पोर्टसाठी वाढीव सिग्नलचा मोड चालू आहे ना, तेही पाहायचं. तो बंद असेल तर कन्सोल एचडीआर पाठवतच नाही आणि तुम्ही तासभर भलतीकडेच शोधत बसता. मी बसले आहे.

आणि माझ्या त्या जुन्या मॉनिटरसारखा पडदा असेल तर? सरळ एचडीआर बंद करून एसडीआरमध्ये खेळा. कामासाठी सिग्नल नीट पोचतोय का एवढंच तपासायचं असेल तर तो पुरतो. काळ्याबद्दल मत मात्र त्याच्यावरून देऊ नका.

वर्षभराने दुसऱ्या एका बिल्डमध्ये तीच तक्रार पुन्हा दिसली, गुहा करडी. या वेळी मी ओलेडवर होते आणि लोडिंग स्क्रीन पूर्ण काळी, गुहा मात्र करडी. म्हणजे पडदा निर्दोष होता. सेन्सर लावून भिंतीचा सर्वात काळा कोपरा मोजला, तर ०.३ निट. गेममधलं धुकं बंद केल्यावर तोच कोपरा शून्याला टेकला. रिपोर्टमध्ये पडद्याचा प्रकार, दोन्ही आकडे आणि धुक्याची सेटिंग एवढंच लिहिलं, फोटो जोडला नाही. टीम लीडने तो न हसता ग्राफिक्सवाल्यांकडे पाठवला. धुक्याच्या थराला एक किमान उजेड चिकटून राहिला होता. एसडीआरमध्ये तो कुणाच्या लक्षातच आला नव्हता.