सॅच्युरेशन दोघांचंही १२ टक्के, मग फरक कुठे?

पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला असताना एका दुपारी माझ्यासमोर आयर्न स्टडीजचे दोन रिपोर्ट सहीसाठी आले. दोन्ही रुग्णांचं हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास होतं आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १२ टक्के. वीसच्या खाली म्हणजे लोह कमी, एवढं मला पाठ होतं. मी दोन्हींवर एकच शेरा लिहिला, ‘लोहाची कमतरता, पूरक लोह द्यावे’, आणि मॅडमकडे पाठवले. त्यांनी दुसरा रिपोर्ट परत केला आणि एवढंच विचारलं, "१२ टक्के कशाचे?"

उत्तर त्याच कागदावर होतं. पहिल्या रुग्णाचं सीरम आयर्न ५४ आणि टीआयबीसी ४५०. दुसऱ्याचं आयर्न २६ आणि टीआयबीसी २१६. (सगळे आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.) आयर्नला टीआयबीसीनं भागून शंभरनं गुणलं की दोन्हीकडे १२ येतात. मी भागाकाराचं उत्तर तेवढं वाचलं होतं. छेदाकडे पाहिलंच नव्हतं.

या विषयात नवीन असाल तर छेदापासून वाचायची सवय लावा, कारण खरी गोष्ट तो सांगतो. रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन वाहून नेतं. हे ट्रान्सफेरिन जास्तीत जास्त किती लोह उचलू शकेल, ते टीआयबीसी दाखवते. ट्रान्सफेरिनला हमाल समजा आणि लोहाच्या साठ्याला कोठार. कोठार रिकामं पडलं की यकृत जास्त हमाल कामाला लावतं, म्हणजे ट्रान्सफेरिन जास्त बनवतं. म्हणून टीआयबीसी चढते. हमाल वाढले आणि माल घटला, त्यामुळे सॅच्युरेशन पडतं. पहिल्या रुग्णाचं असंच झालं होतं. तिचं फेरिटिन, म्हणजे कोठारातल्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन, ६ होतं आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ७१.

दुसऱ्या रुग्णाला अनेक महिन्यांपासून जुनाट जंतुसंसर्ग होता. दाह दाखवणारा सीआरपी ८६, एमसीव्ही ८२, फेरिटिन ३८०. त्याच्या कोठारात माल भरपूर होता, पण दाराला कुलूप होतं. शरीरात दाह चालू असला की आयएल-६ च्या इशाऱ्यावरून यकृत हेप्सिडिन सोडतं. पेशींतून लोह बाहेर पडायचा मार्ग म्हणजे फेरोपोर्टिन. हेप्सिडिन तो मार्गच बंद करतं, आणि मॅक्रोफेजमधलं लोह आतच अडकतं. त्याच वेळी यकृत ट्रान्सफेरिनचं उत्पादनही घटवतं. म्हणजे माल बाहेर येत नाही आणि हमालही कमी. सॅच्युरेशन इथेही पडतं, फक्त टीआयबीसी खाली येते. अशा रुग्णाला तोंडानं लोहाच्या गोळ्या देऊन फारसं काही साधत नाही, कारण आतड्यातून लोह रक्तात शिरतं तेही याच फेरोपोर्टिनमधून. त्याचा संसर्ग शोधून त्यावर उपचार होणं गरजेचं होतं, आणि माझ्या शेऱ्यामुळे डॉक्टरांचं लक्ष नेमकं तिथून हटलं असतं.

इथवरचं पुस्तकातल्या तक्त्यातही सापडतं. तक्त्यात न बसणारा रुग्ण मात्र लवकरच भेटतो. मला भेटली ती संधिवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, पन्नाशीतली एक रुग्ण. हिमोग्लोबिन ८.६, आयर्न २४, टीआयबीसी ३१२, सॅच्युरेशन जेमतेम ८ टक्के, फेरिटिन ७४, सीआरपी ४२. आमच्या प्रयोगशाळेची टीआयबीसीची संदर्भमर्यादा २५० ते ४००. म्हणजे ३१२ नॉर्मल. फेरिटिनही नॉर्मल. दोन्हींपुढे लाल खूण नव्हती, आणि सोबतच्या रेसिडेंटनं ‘जुनाट आजाराचा अ‍ॅनिमिया’ लिहून टाकलं होतं.

मला तो ३१२ खटकला. एवढा दाह असताना टीआयबीसी २५० च्या आतबाहेर असायला हवी होती. दाह तिला खाली ओढत असूनही ती मध्यावर टिकली असेल, तर दुसरं काहीतरी तिला वर ओढत असणार. फेरिटिनचंही तसंच. दाहात ते साठ्याशिवायही वाढतं. निरोगी माणसात ३० च्या खालचं फेरिटिन कमतरता दाखवतं. दाह असेल तर १०० पर्यंतच्या आकड्यावरही विसंबता येत नाही. मग ७४ ला नॉर्मल कसं म्हणायचं?

मी तिचे जुने रिपोर्ट काढले. सात महिन्यांपूर्वी टीआयबीसी २३८ आणि फेरिटिन २१० होतं, सीआरपी जवळपास आजच्याइतकाच. दाह तसाच असताना टीआयबीसी चढली होती आणि फेरिटिन उतरलं होतं. जुना रिपोर्ट शेजारी ठेवायला दोन मिनिटं लागतात, आणि अशा प्रकरणात एखाद्या नव्या महागड्या तपासणीपेक्षा तो जास्त बोलतो. तरीही खात्रीसाठी सोल्युबल ट्रान्सफेरिन रिसेप्टर मागवला, कारण त्यावर दाहाचा परिणाम फारसा होत नाही. तो आला ४.८ मिलिग्रॅम प्रति लिटर. त्याला फेरिटिनच्या लॉगनं, म्हणजे १.८७ नं, भागलं की निर्देशांक येतो साधारण २.६. एकच्या खाली असेल तर निव्वळ जुनाट आजार, दोनच्या वर असेल तर लोहाची कमतरता आहेच, असा सर्वसाधारण संकेत. मात्र या मर्यादा तपासणीच्या किटनुसार बदलतात, म्हणून किटसोबतचा कागद पाहिल्याशिवाय तो आकडा वापरू नका.

शेरा बदलला: ‘दोन्ही एकत्र, रक्तस्राव कुठून होतो ते पाहावे.’ सांधेदुखीसाठी ती रोज वेदनाशामक गोळ्या घेत होती. एंडोस्कोपीत जठरात व्रण निघाला.

टीआयबीसी फसवते त्या जागाही ठाऊक हव्यात. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर ती साठा पुरेसा असतानाही वाढते. उलट यकृताचा आजार, कुपोषण किंवा नेफ्रॉटिक सिंड्रोम असेल तर ट्रान्सफेरिन बनतच नाही किंवा लघवीतून निघून जातं. मग कोठार रिकामं असूनही टीआयबीसी खालीच राहते. म्हणून कमी टीआयबीसी दिसली की मी अल्ब्युमिनही पाहते. आणि नमुन्याआधी रुग्णानं लोहाची गोळी घेतली होती का, हे जरूर विचारा. सकाळी गोळी घेऊन आलेल्या माणसाचं आयर्न काही तास चढलेलं असतं, आणि सॅच्युरेशन चांगलं दिसून दिशाभूल होते. आम्ही आदल्या दिवसापासून गोळी बंद ठेवून सकाळचाच नमुना घेतो.

त्या बाईंच्या वेदनाशामक गोळ्या थांबवल्या, व्रणावर उपचार झाले आणि लोह शिरेतून दिलं. दोन महिन्यांनी आलेल्या नमुन्यात हिमोग्लोबिन १०.८ होतं, फेरिटिन २६० आणि टीआयबीसी पुन्हा २४१. पुढच्या तपासणीतही हिमोग्लोबिन १०.८ वरच राहिलं. लोहाच्या कमतरतेमुळे आलेला अ‍ॅनिमिया भरून निघाला होता. उरलेला संधिवाताचा होता, आणि तो संधिवाताची औषधं बदलल्यावरच पुढे हलला.