डिपॉझिटची पोच मागणारं पत्र

म्हापशात खोली घेताना डिपॉझिट 30,000 ठरलं, समजा. त्यातले 20,000 यूपीआयने गेले, 10,000 हातात दिले. खोली सोडताना वाद होतो तो या 10,000 चा. म्हणून राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात घरमालकांना पत्र द्या. नुसतं “पावती द्यावी” लिहू नका, सगळा तपशील पत्रातच घाला:

“मा. महोदय, आपल्या खोलीसाठी मी 1 जूनला परतीचं डिपॉझिट म्हणून 20,000 रुपये यूपीआयने व 10,000 रुपये रोख दिले. ही रक्कम मिळाल्याची लेखी पोच द्यावी. तसंच दरमहा 9,000 रुपये भाड्याची पावती महिन्याचं नाव घालून द्यावी, ही विनंती.”

“परतीचं” हा शब्द गाळू नका. नुसतं “ॲडव्हान्स” लिहिलंत तर ते आगाऊ भाडं होतं असं पुढे म्हणता येतं.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक त्यांना द्या, दुसरीवर “मूळ प्रत व वरील रक्कम मिळाली” असं लिहून तारखेसह सही घ्या. फक्त “प्रत मिळाली” एवढंच लिहिलं तर पत्र पोचल्याचं कळतं, पैसे पोचल्याचं नाही. सही द्यायला कां-कूं झाली तर तेच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि पुढचं भाडं बँकेतूनच भरा. भाडं रोख देत असाल आणि रक्कम 5,000 च्या वर असेल, तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्या.